बडोद्यात घराचे डाउन पेमेंट जमवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गृहकर्जाच्या टेबलावर अनेक वर्षे काढून मी निवृत्त झालो. आता दांडिया बाजार, वाडी, मांजलपूर या भागांतील ओळखीची मराठी कुटुंबे जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते उत्तरांसह येथे एकत्र केले आहेत. सर्व उत्तरांत एकच उदाहरण चालवले आहे: आजच्या किमतीने ४५ लाखांचा तयार फ्लॅट, घरात दरमहा हाती येणारे ७०,००० रुपये, आधीची शिल्लक ४ लाख आणि महिन्याची बचत २०,००० रुपये. हे आकडे हिशेबासाठी धरलेले आहेत, बाजारभाव म्हणून नव्हेत. आपले आकडे त्यांच्या जागी घालून गणित पुन्हा करावे.

१. डाउन पेमेंट म्हणजे घराच्या किमतीचे वीस टक्के, एवढेच ना?

नाही, आणि सर्वाधिक फसगत येथेच होते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या कर्जात बँक किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के, ३० ते ७५ लाखांच्या कर्जात ८० टक्के आणि त्यापुढील कर्जात ७५ टक्के रक्कम देऊ शकते. ही कमाल मर्यादा आहे, आपला हक्क नव्हे. बँकेच्या मूल्यांकनकाराने घराची किंमत कमी धरली, तर कर्जही त्याच कमी आकड्यावर ठरते. शिवाय मुद्रांक शुल्क, नोंदणी फी आणि कागदपत्रांचा खर्च हे (अगदी स्वस्त घरे वगळता) या किमतीत धरता येत नाहीत, म्हणजे ते पूर्णपणे आपल्या खिशातून जातात.

आपल्या फ्लॅटचे गणित असे होईल. किमतीचे वीस टक्के म्हणजे ९ लाख. गुजरातमधील मुद्रांक शुल्क ४.९ टक्के, म्हणजे २,२०,५०० रुपये. नोंदणी फी एक टक्का, म्हणजे ४५,००० रुपये. वकिलाचा टायटल रिपोर्ट, बँकेची प्रोसेसिंग फी, सोसायटीची मेंटेनन्स ठेव, वीज मीटर नावावर करणे, सामान हलवणे आणि निदान ओटा-पंखे-जाळ्या एवढे काम यांसाठी मी पावणेदोन लाख धरतो. बेरीज सुमारे १३ लाख ४० हजार होते. म्हणजे जमवायचे आहेत ते वीस नव्हे, जवळजवळ तीस टक्के.

२. घर पत्नीच्या नावावर घेतले तर काही वाचते का?

गुजरातमध्ये स्त्रीच्या नावावर दस्तावेज झाल्यास एक टक्का नोंदणी फी माफ होते. आपल्या उदाहरणात हे ४५,००० रुपये, म्हणजे दोन महिन्यांच्या बचतीहून अधिक आहेत. मात्र पतीचेही नाव मालक म्हणून घातले की ही माफी मिळत नाही. मुद्रांक शुल्क दोन्ही प्रकारांत तेवढेच राहते. पती मालक नसताना सहकर्जदार होऊ शकतो, परंतु त्याला कर्जावरील करसवलत मागता येणार नाही. जुन्या करप्रणालीत असलेल्यांनी हा फरक आधी पाहावा.

३. किंमत दरवर्षी वाढते. मग आमची बचत कधी पुरणारच नाही का?

हा प्रश्न विचारणारी बहुतेक कुटुंबे दोन चुकीचे आकडे समोरासमोर ठेवतात. मांजलपूरहून आलेल्या एका जोडप्याच्या वहीत मी डाव्या बाजूला ‘यंदा किंमत वाढली: ३ लाख’ आणि उजव्या बाजूला ‘आपली बचत: २ लाख ४० हजार’ असे लिहिलेले पाहिले. खाली लाल पेनाने ‘अशक्य’ लिहून दोन रेघा मारल्या होत्या. हिशेब नीटनेटका होता, पण तुलना चुकली होती. वाढलेल्या किमतीचा मोठा हिस्सा कर्जात जातो आणि आपल्याला गाठायचा असतो तो फक्त स्वतःचा तीस टक्क्यांचा वाटा. किंमत तीन लाखांनी वाढली, तर हा वाटा सुमारे नव्वद हजारांनी वाढतो.

आता पूर्ण गणित पाहू. किंमत दरवर्षी ७ टक्क्यांनी वाढते आणि बचतीवर कर वजा जाता ६ टक्के मिळतात, असे धरू. स्वतःचा वाटा आज १३.४ लाख आहे. तो वर्षाअखेरीस १४.३, दुसऱ्या वर्षी १५.३, तिसऱ्या वर्षी १६.४, चौथ्या वर्षी १७.६ आणि पाचव्या वर्षी १८.८ लाख होईल. शिल्लक ४ लाखांपासून सुरू होऊन अनुक्रमे ६.७, ९.६, १२.६, १५.९ आणि १९.३ लाख होईल. म्हणजे दोन्ही रेषा पाचव्या वर्षाच्या शेवटी शेवटी एकमेकींना गाठतात. किंमत मुळीच वाढली नसती, तर हेच काम सव्वातीन वर्षांत झाले असते. भाववाढीने आपले सुमारे दीड वर्ष खाल्ले, पण वाट बंद केली नाही.

येथे सर्वाधिक फरक पडतो तो दरमहा बाजूला काढण्याची रक्कम वाढवण्याने. पगारवाढीबरोबर हीच रक्कम दरवर्षी दहा टक्क्यांनी वाढवली, म्हणजे २०,००० नंतर २२,००० आणि मग २४,२०० अशी नेली, तर चौथ्या वर्षाअखेरीस साडेसतरा लाख जमतात आणि गरजेपेक्षा केवळ सहा-सात हजार कमी पडतात. ठेवीवर अर्धा टक्का जास्त मिळावा म्हणून लोक बँका पालथ्या घालतात, पण त्याचा परिणाम याच्या पासंगालाही पुरत नाही.

४. म्हणजे डाउन पेमेंट जमले की काम झाले?

अजून नाही. दारे दोन असतात: एक बचतीचे, दुसरे कर्जाच्या पात्रतेचे. किंमत वाढली की कर्जाची रक्कम वाढते, हप्ता वाढतो, आणि तो आपल्या पगारात बसतो की नाही हे बँक पाहते. अनेक ठिकाणी सर्व हप्ते मिळून हाती येणाऱ्या पगाराच्या निम्म्याच्या आसपास राहावेत असा दंडक असतो. मी येथे निम्मे धरतो.

साडेआठ टक्के व्याज आणि वीस वर्षे मुदत धरल्यास एक लाख कर्जाचा हप्ता ८६८ रुपये येतो. आज ३६ लाखांच्या कर्जाचा हप्ता सुमारे ३१,२०० रुपये होईल आणि ७०,००० पगारावर ३५,००० पर्यंत वाव आहे, म्हणजे दार उघडे आहे. चार वर्षांनी, ७ टक्के भाववाढीने, फ्लॅट ५९ लाखांचा होईल, कर्ज ४७.२ लाखांचे आणि हप्ता सुमारे ४१,००० रुपयांचा. पगार दरवर्षी ६ टक्क्यांनी वाढला असेल तर तो ८८,००० झालेला असेल आणि ४१,००० रुपयांचा हप्ता त्याच्या निम्म्यात बसेल. पगार ४ टक्क्यांनीच वाढला, तर तो ८२,००० च्या थोडा खालीच राहील आणि निम्म्याची मर्यादा हप्त्याच्या बरोबर काठावर येईल. दुचाकीचा किंवा मोबाइलचा दोन-तीन हजारांचा हप्ता चालू असला, तरी अर्ज तेथेच अडतो.

म्हणून वर्षातून एकदा केवळ शिल्लक मोजू नये. त्याच दिवशी त्या दिवसाच्या किमतीवरचा हप्ताही काढून पगाराच्या निम्म्याशी ताडून पाहावा.

५. किंमत दहा टक्क्यांनी वाढू लागली तर?

प्रश्न ३ आणि ४ ची गणिते एकत्र मांडली की उत्तर स्पष्ट दिसते. महिन्याची बचत २०,००० च राहिली, तर डाउन पेमेंट जमायला सुमारे सात वर्षे लागतील. परंतु कर्जाचे दार त्याआधीच बंद होते. पगार दरवर्षी ६ टक्क्यांनी वाढला असे धरले, तरी तिसऱ्या वर्षाअखेरीस हप्ता ४१,६०० रुपये आणि वाव ४१,७००. चौथ्या वर्षाअखेरीस हप्ता ४५,७०० आणि वाव ४४,२००. म्हणजे सातव्या वर्षी हातात पैसे असतील, पण बँक तेवढे कर्ज देणार नाही.

असे दिसू लागले, तर बचतीचा वेग वाढवून फारसे साधत नाही, लक्ष्यच लहान करावे लागते: एक खोली कमी, जुनी इमारत किंवा वाघोडिया रोडसारख्या भागात आणखी पुढे. हा निर्णय तिसऱ्या वर्षात घेतला, तर पर्याय हातात असतात.

भाव खरोखर किती वाढला हे बिल्डरच्या फलकावरून ठरवू नये. आपण जेथे घर घेऊ इच्छिता त्याच सोसायटीत किंवा शेजारी अलीकडे झालेल्या दोन-तीन व्यवहारांच्या इंडेक्स-२ च्या, म्हणजे नोंदणी कार्यालयातील दस्ताच्या उताऱ्याच्या, नकला काढाव्यात आणि तेथील भाडे किती वाढले हेही विचारावे. भाडे जागच्या जागी आणि मागितलेली किंमत मात्र दुप्पट वेगाने वर, असे असेल तर तो आकडा सांगणाऱ्याच्या तोंडचा आहे, घेणाऱ्याच्या नव्हे. इंडेक्समधील रक्कम प्रत्यक्ष व्यवहारापेक्षा कमी असू शकते. त्याचे कारण प्रश्न १० मध्ये आहे.

६. एवढी वर्षे पैसे कोठे ठेवावेत? शेअर बाजारात नको का?

तीन-चार वर्षांत ठरावीक कामाला लागणारा पैसा मी बाजारात ठेवत नाही. घर पसंत पडते त्या आठवड्यातच बाजार पडलेला असू शकतो आणि विक्रेता आपल्यासाठी थांबत नाही. आवर्ती ठेव, आणि ती पुरी झाली की मुदत ठेव, हा साधा मार्ग पुरतो. मुदत ठेव एकच मोठी न करता तीन-चार तुकड्यांत करावी, म्हणजे टोकनसाठी लाखभर रुपये हवे असताना सगळी ठेव मोडून व्याजाचा दंड भरावा लागत नाही.

बडोद्यातील आपल्या अनेक कुटुंबांचा पैसा पिढ्यान्‌पिढ्या एकाच सहकारी बँकेत असतो. ठेव विम्याचे संरक्षण प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदाराला मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाखांपर्यंतच आहे. शिल्लक त्या आकड्याजवळ आली की पुढची ठेव दुसऱ्या बँकेत करावी. ओळखीच्या पेढीवर किंवा भिशीत ठेवलेल्या पैशाला हे संरक्षण मुळीच नाही.

७. दोन-तीन लाख कमी पडत असतील तर पर्सनल लोन किंवा सोनेतारण चालेल का?

बँक मार्जिनच्या, म्हणजे आपल्या वाट्याच्या, पैशांचा स्रोत विचारते आणि पर्सनल लोन क्रेडिट अहवालात दिसते. त्याचा हप्ता प्रश्न ४ मधील निम्म्याच्या मर्यादेतून वजा होतो. तीन लाखांचे पाच वर्षांचे पर्सनल लोन १४ टक्क्यांनी घेतले, तर हप्ता सुमारे ७,००० येतो, आणि तेवढ्याने गृहकर्जाची पात्रता आठ लाखांनी घटते. तीन लाख मिळवायला आठ लाख गमावले.

सोनेतारणाचे व्याज सहसा कमी असते, तरी तेही कर्जच. वापरात नसलेले सोने विकायचे असेल, तर ते आधी विकून पैसे बँकेत दिसू द्यावेत. ते कोणते, हे मात्र ज्यांचे सोने आहे त्यांनीच ठरवावे.

८. वडील काही रक्कम देणार आहेत. कर लागेल का?

आई-वडिलांनी दिलेल्या भेटीवर घेणाऱ्याला आयकर लागत नाही. रक्कम खात्यातूनच घ्यावी आणि साध्या पत्रावर ‘ही भेट आहे, परत करावयाची नाही’ असे त्यांच्याकडून लिहून घ्यावे, कारण बँक ते मागते. भविष्य निर्वाह निधीतूनही घरासाठी अंशतः रक्कम काढता येते. ती शेवटी काढावी आणि दस्तावेजाच्या तारखेच्या बरेच आधी अर्ज करावा, कारण केवायसी किंवा नावातील एखाद्या अक्षराच्या फरकाने दावा परत येतो.

९. बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटमध्ये आज थोडे भरून भाव बांधून घेतला तर?

भाव बांधला जातो हे खरे, आणि पैसे टप्प्याटप्प्याने द्यावे लागतात हेही खरे. परंतु आणखी दोन खर्च येतात. ताबा मिळेपर्यंत भाडे आणि कर्जाचे व्याज दोन्ही द्यावे लागतात, आणि बी.यू. परमिशन, म्हणजे इमारत वापरण्याचा परवाना, मिळण्यापूर्वीच्या फ्लॅटवर जीएसटी लागतो. बडोद्यासारख्या शहरात चटई क्षेत्र ९० चौरस मीटरपर्यंत आणि एकूण रक्कम ४५ लाखांपर्यंत असेल तर हा कर १ टक्का आहे, त्यापुढे ५ टक्के. ही पायरी निसरडी आहे: ४४.९ लाखांच्या फ्लॅटवर सुमारे ४५,००० रुपये, तर ४५.५ लाखांच्या फ्लॅटवर २,२७,५०० रुपये. पार्किंग किंवा डेव्हलपमेंट चार्जचे वरचे साठ हजार मिळवल्यावर आपण कोठे बसतो, हे बिल्डरकडून लेखी घ्यावे.

नोंदणीकृत करार करण्यापूर्वी बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, हा रेराचा नियम आहे. ‘बानाखत, म्हणजे हा विक्रीचा करार, नंतर करू, आधी पंचवीस टक्के भरा’ असे सांगितले गेले, तर तेथून उठावे. प्रकल्पाचा रेरा क्रमांक आणि ताबा देण्याची जाहीर केलेली तारीख गुजरात रेराच्या संकेतस्थळावर पाहता येते.

१०. विक्रेता म्हणतो, ‘व्यवहार ६० लाखांचा, दस्तावेज ४५ चा.’ मुद्रांक शुल्क वाचेल ना?

पुनर्विक्रीच्या टेनामेंटमध्ये हा प्रस्ताव अजूनही येतो. कायद्याची बाजू बाजूला ठेवून आधी निव्वळ डाउन पेमेंट पाहा. ६० लाखांचा पूर्ण दस्तावेज झाला तर बँक ४८ लाखांपर्यंत देईल आणि आपला वाटा १२ लाख अधिक शुल्क. दस्तावेज ४५ चा झाला तर बँक ३६ लाख देईल आणि आपल्याला २४ लाख अधिक शुल्क उभे करावे लागेल, त्यांतील १५ लाख रोख. मुद्रांक आणि नोंदणीत वाचतात ते सुमारे ८८,०००. म्हणजे अठ्ठ्याऐंशी हजार वाचवण्यासाठी बारा लाख जास्त जमवायचे, आणि आपली महिन्याची बचत वीस हजार.

कायद्याची बाजू अशी, की स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून अधिक रोख घेण्यास आयकर कायदा मनाई करतो आणि रोख घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. रोख देणाऱ्यालाही तो पैसा कोठून आला हे विचारले जाते. शिवाय पुढे घर विकताना आपली खरेदी किंमत ४५ लाखच धरली जाते आणि मधला नफा कागदावर आपल्या गळ्यात येतो. अशा विक्रेत्याकडे पूर्ण चेकचा भाव मागावा. तो थोडा वर गेला तरी आपल्या कुटुंबाला तोच परवडतो.

११. जंत्री वाढली तर डाउन पेमेंटवर काय परिणाम होतो?

जंत्री म्हणजे सरकारने ठरवलेले जमीन-घरांचे दर. मुद्रांक शुल्क दस्तावेजाची रक्कम आणि जंत्रीचे मूल्य यांपैकी जे जास्त असेल त्यावर लागते. १५ एप्रिल २०२३ पासून गुजरातमध्ये जंत्रीचे दर एकदम वाढले, तेव्हा ज्या भागांत जंत्री बाजारभावाच्या खूप खाली होती तेथे खऱ्या रकमेचा दस्तावेज करणाऱ्यांना काहीच फरक पडला नाही. अडचण येते ती उलट्या प्रकरणात: आपण घासाघीस करून ४० लाखांत घर मिळवले आणि जंत्रीचे मूल्य ४६ लाख निघाले. मग शुल्क ४६ लाखांवर भरावे लागेलच, शिवाय फरक दहा टक्क्यांहून अधिक असल्याने ते ६ लाख आपले उत्पन्न म्हणून करपात्र ठरू शकतात. टोकन देण्यापूर्वी सर्व्हे नंबर घेऊन जंत्री पाहून घ्यावी.

१२. ३६ लाखांचे घर पाहिले तर नियम ८० टक्क्यांचा की ९० चा?

मर्यादा घराच्या किमतीवर नव्हे, कर्जाच्या रकमेवर ठरते. ३६ लाखांचे ८० टक्के २८.८ लाख होतात, परंतु आपण नेमके ३० लाख मागितले तर ते ‘३० लाखांपर्यंत’ या गटात मोडते आणि किमतीच्या ८३ टक्के असल्याने नियमात बसते. म्हणजे वाटा ७.२ ऐवजी ६ लाख. ३३.३३ ते ३७.५ लाखांच्या घरांना ही सोय मिळू शकते, बँकेचे अंतर्गत धोरण आड आले नाही तर.

हे घर ७ टक्क्यांनी वाढून पुढच्या वर्षी ३८.५ लाखांचे झाले, की ही खिडकी बंद होते. मग ८० टक्क्यांचाच हिशेब लागतो आणि स्वतःचा वाटा ६ वरून ७.७ लाखांवर जातो. ज्या कुटुंबांचे लक्ष्य या पट्ट्यात आहे, त्यांना एक वर्ष थांबण्याची किंमत इतरांहून जास्त पडते, आणि फक्त त्यांनाच मी हाती थोडे कमी असताना घर बघायला सुरुवात करा असे सांगतो.

१३. दस्तावेज पन्नास लाखांवर गेला तर टीडीएस वेगळा भरायचा का?

तो वेगळा खर्च नाही. घराची किंमत ५० लाख किंवा अधिक असेल, तर विक्रेत्याला द्यायच्या रकमेतून १ टक्का कापून सरकारात भरायचा असतो. मात्र तो बहुधा आपल्यालाच आपल्या वाट्यातून आधी भरावा लागतो, म्हणून दस्तावेजाच्या आठवड्यात पन्नास-साठ हजार मोकळे ठेवावेत. बडोद्यात परदेशी स्थायिक झालेल्यांची घरे बरीच विक्रीस येतात. तेथे हा एक टक्क्याचा नियम लागू होत नाही, कपात कितीतरी जास्त असते आणि ती न केल्यास वसुली खरेदीदाराकडून होते. विक्रेत्याचा पासपोर्ट कोणत्या देशाचा आहे याने नव्हे, तर आयकराच्या दृष्टीने तो निवासी आहे की अनिवासी याने हे ठरते, म्हणून टोकनची पावती लिहितानाच त्याच्याकडून तसे लेखी घ्यावे.